जेलीफिशचे प्रथिन यीस्टच्या जनुकांवर कसे सापडले?

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत शास्त्रज्ञांनी एक परके प्रथिन घातले. हे प्रथिन मुळात समुद्रातल्या जेलीफिशचे. निळ्या प्रकाशात ते हिरवे चमकते, एवढाच त्याचा उपयोग. यीस्टच्या डीएनएशी त्याचे काही देणेघेणे नाही. तरीही डीएनएवर कुठले प्रथिन कुठे बसले आहे हे शोधणारी जगन्मान्य चाचणी लावल्यावर उत्तर आले की हे हिरवे प्रथिन यीस्टच्या सर्वांत कामसू जनुकांवर जाऊन बसले आहे. पुढे पेशींना गॅलॅक्टोज ही साखर खायला दिली. ती पचवणारी जनुके जागी झाली आणि हिरवे प्रथिन त्यांच्यावरही दिसू लागले.

हा प्रयोग 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. करणारे होते लिओनिड टेटेलमन, जॅस्पर राइन आणि त्यांचे सहकारी. तो मुद्दाम केलेला प्रयोग होता. चाचणी खोटे बोलते का, हे त्यांना पाहायचे होते. ती बोलत होती, आणि तेही ठामपणे.

या चाचणीचे नाव चिप-सीक. ‘अमुक कर्करोगाचे जनुकीय बटण सापडले’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा तिच्यामागे अनेकदा हीच चाचणी असते. म्हणून ती कशी चालते, कुठे फसते आणि फसली हे कसे ओळखायचे, हे प्रयोगशाळेबाहेरच्या माणसालाही थोडे ठाऊक असावे.

आपल्या प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात, पण यकृताची पेशी यकृताची कामे करते आणि मेंदूची मेंदूची. कुठले जनुक कधी चालू करायचे आणि कधी बंद ठेवायचे, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि शेजारच्या जनुकाचे काम वाढवतात किंवा थांबवतात. स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले अनेक कुटुंबांनी पाहिले असेल. तो ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, असाच एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, आणि टॅमॉक्सिफेन ही गोळी त्याचेच काम अडवते. तो पेशीत आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो. तीनशे कोटी अक्षरांच्या डीएनएवर तो नेमका कुठे कुठे बसला आहे, हे मात्र चिप-सीक सांगते.

रीत ऐकायला सोपी आहे. जिवंत पेशींवर फॉर्मॅल्डिहाइड घालतात. शवागारात आणि पॅथॉलॉजीच्या बरण्यांत असते तेच रसायन, पण पातळ, साधारण एक टक्का, आणि फक्त दहा मिनिटे. त्यामुळे जे प्रथिन डीएनएवर जिथे असेल तिथेच चिकटून राहते. मग ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा दोनशे ते पाचशे अक्षरांचा. आता या काल्यात हव्या त्या प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी सोडतात. चुंबकी मण्यांवर बसलेली ही अँटिबॉडी प्रथिनाला ओढते आणि प्रथिनाबरोबर त्याला चिकटलेला डीएनएचा तुकडाही येतो. बाकीचे धुऊन टाकतात, उष्णतेने चिकटलेले बंध सोडवतात, आणि हाती आलेल्या लाखो तुकड्यांची अक्षरे यंत्राने वाचतात. प्रत्येक तुकडा जीनोमच्या नकाशावर आपापल्या जागी मांडला की काही जागी त्यांचा ढीग लागतो. ढिगाच्या जागेला शिखर म्हणतात. तिथे प्रथिन बसले असावे, असा तर्क.

तर्क म्हणायचे कारण असे की धुणे कधीच शंभर टक्के होत नाही. मण्यांबरोबर आलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक तुकडे नुसतेच चिकटून आलेले असतात. मग कोणता ढीग खरा आणि कोणता योगायोगाचा? हे ठरवण्याच्या कामाला शिखर-निश्चिती म्हणता येईल. ती डोळ्यांनी होत नाही, संगणकाचा प्रोग्रॅम करतो. 2008 साली आलेला मॅक्स नावाचा प्रोग्रॅम आजही सर्वांत जास्त वापरला जातो.

हिशेब कसा चालतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. माणसाच्या पेशींतून दोन कोटी तुकडे वाचले. जीनोमचा नीट वाचता येणारा भाग सुमारे 270 कोटी अक्षरांचा धरू आणि त्याच्या दोनशे अक्षरांच्या खिडक्या करू. एक कोटी पस्तीस लाख खिडक्या झाल्या. तुकडे सगळीकडे सारखे उधळले गेले असते तर प्रत्येक खिडकीत सरासरी दीड तुकडा पडला असता. आता एका खिडकीत बारा तुकडे दिसले. सरासरी दीड असताना केवळ योगायोगाने बारा किंवा त्याहून जास्त तुकडे पडण्याची शक्यता सुमारे दीड कोटीत एक. म्हणजे एवढ्या खिडक्यांत असा योगायोग जेमतेम एकदा घडेल. हे शिखर खरे म्हणायला हरकत नाही, असे वाटते.

आता त्याच पेशींचा दुसरा वाटा घेऊ. फॉर्मॅल्डिहाइड तेच आणि ध्वनिलहरीही त्याच, पण अँटिबॉडी न लावता तुकडे सरळ वाचायचे. याला इनपुट म्हणतात. इनपुटमध्ये त्याच जागेच्या आसपास, तुकड्यांची एकूण संख्या सारखी करून घेतल्यावर, खिडकीमागे आठ तुकडे दिसले. म्हणजे तिथे दीड नव्हे, मुळातच आठ तुकडे अपेक्षित होते. आठ अपेक्षित असताना बारा पडण्याची शक्यता नऊात एक. तेच बारा तुकडे, तीच जागा. पण दीड कोटीत एकवरून आपण नऊात एकवर आलो. शिखर कोसळले.

इनपुट सारखे का पसरत नाही, याची कारणे डीएनएच्या घडणीतच आहेत. पेशीतला काही डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो, काही मोकळा. मोकळा भाग ध्वनिलहरींनी लवकर तुटतो आणि जास्त वाचला जातो. काही अक्षरक्रम जीनोममध्ये अनेक ठिकाणी सारखेच येतात, त्यांची गल्लत होते. आणि कर्करोगाच्या पेशीत तर काही भागांच्या प्रतीच जास्त असतात. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू पॉझिटिव्ह’ हा शब्द रुग्णांच्या कानावर येतो. त्या गाठींत सतराव्या गुणसूत्रावरचा हर-टू जनुकाचा भाग दोनऐवजी अनेक प्रतींत असतो. अशा गाठीवर कुठलीही अँटिबॉडी लावा, त्या भागातून जास्त तुकडे येणारच, कारण तिथे डीएनएच जास्त आहे. इनपुट न पाहता कोणी सांगितले की हर-टूच्या परिसरात अमुक फॅक्टर झुंडीने बसतो, तर त्याने प्रथिन मोजलेले नसते, प्रती मोजलेल्या असतात.

मॅक्सची खरी हुशारी इथे आहे. तो संपूर्ण जीनोमची एकच सरासरी धरून बसत नाही. प्रत्येक शिखराभोवती एक हजार, पाच हजार आणि दहा हजार अक्षरांच्या परिसरात इनपुट किती आहे ते पाहतो, जीनोमची सरासरीही घेतो, आणि यांतला सर्वांत मोठा आकडा अपेक्षित म्हणून धरतो. म्हणजे संशयाचा फायदा शिखराला न देता योगायोगाला देतो. मात्र इनपुटच तोकडे असेल तर ही हुशारी वाया जाते. बचतीच्या नावाखाली चिपचे दोन कोटी तुकडे वाचायचे आणि इनपुटचे तीस-चाळीस लाख, किंवा जुन्याच एखाद्या पेशींच्या बॅचचे इनपुट पुन्हा पुन्हा वापरायचे, हे प्रकार होतात. इनपुट निदान चिपइतके खोल वाचलेले आणि त्याच बॅचचे असावे. ज्या निबंधात इनपुटच्या तुकड्यांची संख्या दिलेलीच नाही, त्याच्या शिखरांची यादी जपून वाचावी.

खिडक्यांच्या संख्येबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. वैद्यकीय संशोधनात हजारात एक म्हणजे कडक निकष समजतात. इथे एक कोटी पस्तीस लाख खिडक्या तपासल्या जातात. हजारात एक निकष लावला तर साडेतेरा हजार खोटी शिखरे नुसत्या योगायोगाने मिळतील. म्हणून प्रोग्रॅम खोट्या शिखरांचे अपेक्षित प्रमाण वेगळे काढतो आणि निकष त्यावर लावतो. ‘आम्हाला चाळीस हजार जागा सापडल्या’ या वाक्याला निकष कळल्याशिवाय अर्थ नसतो. निकष थोडा सैल केला की तीच माहिती साठ हजार जागा देते.

इनपुट झाले. दुसरा पहारेकरी म्हणजे पुनरावृत्ती. तोच प्रयोग दुसऱ्यांदा करून दोन्ही याद्या जुळतात का, हे पाहणे. दुसऱ्यांदा याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. एकाच पातेल्यातली आमटी दोनदा चाखली तर चव तीच लागणार; त्यावरून स्वयंपाक करणाऱ्याचा हात कळत नाही. आमटी पुन्हा पहिल्यापासून करून पाहावी लागते. चिप-सीकमध्येही एकाच नळीतला डीएनए यंत्रावर दोनदा वाचणे म्हणजे आमटी दोनदा चाखणे. पेशी वेगळ्या वाढवून, फॉर्मॅल्डिहाइडपासून सगळे नव्याने करणे ही खरी पुनरावृत्ती. जीनोमच्या कामकाजाचा नकाशा काढणाऱ्या एनकोड या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने 2012 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अशा निदान दोन स्वतंत्र पुनरावृत्तींचा आग्रह आहे.

दोन याद्या जुळतात हे म्हणायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे दोन्हींतली समान शिखरे मोजणे. पण तो फसवा आहे. निकष कडक ठेवला तर दोन्ही याद्यांत मोजकी, ठळक शिखरे उरतात आणि ती छान जुळतात. निकष सैल ठेवला तर याद्या एवढ्या लांब होतात की योगायोगानेच बरीच शिखरे एकमेकांवर पडतात.

यावर 2011 साली एका संख्याशास्त्रज्ञांच्या गटाने वेगळा उपाय सुचवला. त्याला आयडीआर म्हणतात. त्याची कल्पना दहावीच्या पेपर तपासणीवरून कळेल. समजा शंभर उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी वेगवेगळ्या तपासल्या आणि क्रमवारी लावली. पहिले वीस-पंचवीस विद्यार्थी दोघांच्याही यादीत वरच असतील, थोडे पुढे-मागे. पण खाली गेले की एकाचा पंचेचाळिसावा दुसऱ्याच्या यादीत सत्तराव्या जागी दिसतो. क्रमवारीतला मेळ जिथे तुटतो, तिथून पुढे परीक्षक गुणवत्ता मोजत नाहीत, नशीब मोजतात. आयडीआर शिखरांच्या दोन याद्यांत हाच तुटण्याचा बिंदू शोधतो. म्हणूनच त्याला मुद्दाम सैल निकषाच्या लांब याद्या द्याव्या लागतात. फक्त पहिल्या पंचवीस जणांची यादी दिली तर मेळ कुठे तुटला हे दिसणारच नाही. ही चूक नवखे लोक हमखास करतात. आधीच गाळलेली यादी आयडीआरला देतात आणि मग निकाल विचित्र का आला म्हणून डोके खाजवतात.

दोन पुनरावृत्ती जुळल्या नाहीत तर काय करायचे, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. एका नमुन्यात वीस हजार शिखरे आली आणि दुसऱ्यात चारच हजार, तर बहुधा दुसऱ्या वेळी अँटिबॉडीने नीट ओढलेले नसते. अशा वेळी दोन्ही नमुन्यांचे तुकडे एकत्र करून एकच मोठी यादी काढण्याचा मोह होतो. त्यात जोरकस नमुना दुबळ्याला गिळून टाकतो. निकाल छान दिसतो, पण तो एकाच प्रयोगाचा असतो. एनकोडच्या पद्धतीत यासाठी एक साधी तपासणी आहे. प्रत्येक नमुन्याचे तुकडे यदृच्छेने दोन भागांत वाटायचे आणि ते दोन भाग आपापसांत किती शिखरांवर जुळतात ते मोजायचे. पहिला नमुना स्वतःशी जेवढ्या शिखरांवर जुळतो, त्याच्या निम्म्यावरही दुसरा स्वतःशी जुळत नसेल, तर धोक्याची खूण समजायची. मग प्रयोग तिसऱ्यांदा करावा लागतो. खर्च होतो, महिना जातो. पण त्याला दुसरा मार्ग नाही.

इनपुट आहे, पुनरावृत्ती आहे, आयडीआर आहे. आता तरी शिखरे खरी मानायची का? इथेच यीस्टची गोष्ट पुन्हा समोर येते.

टेटेलमन आणि सहकारी मुळात सर नावाच्या तीन प्रथिनांचा अभ्यास करत होते: सर-टू, सर-थ्री आणि सर-फोर. यांचे काम जनुकांना गप्प बसवण्याचे. गुणसूत्रांच्या टोकांशी आणि आणखी एक-दोन ठरावीक ठिकाणी ती बसतात आणि तिथली जनुके बंद ठेवतात. चिप-सीकमध्ये ती तिथे दिसलीही. पण त्याखेरीज आणखी 238 ठिकाणी तिन्ही प्रथिने एकत्र सापडली, आणि ही ठिकाणे होती पेशीतल्या सर्वांत जोरात चालणाऱ्या जनुकांची. संचारबंदी लावणारे पोलीस भर जत्रेत उभे दिसावेत, तसा हा प्रकार.

एखाद्याने इथे नवा सिद्धान्त मांडला असता: गप्प करणारी प्रथिने चालू जनुकांनाही काबूत ठेवतात! तीन प्रथिने एकमेकांना दुजोरा देत होती. निराळ्या पद्धतीने, पीसीआरने, त्याच जागा तपासल्या तर तिथेही तेच दिसत होते; म्हणजे वाचन-यंत्राची चूक नव्हती. निबंध छापून आला असता, कदाचित नावाजलाही गेला असता. या गटाने तसे न करता दुसऱ्यांनी आधी प्रसिद्ध केलेली, भलत्याच प्रथिनांची माहिती काढून पाहिली. एक होते स्टे-ट्वेल्व्ह, यीस्टच्या मीलनाशी संबंधित ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. दुसरे सीएसई-फोर, जे गुणसूत्राच्या मध्यबिंदूवर बसते. यीस्टला सोळा गुणसूत्रे, प्रत्येकाला एक मध्यबिंदू; त्यामुळे याच्या जागा सोळाच असायला हव्यात. पण त्याच 238 ठिकाणी हीही प्रथिने जास्त प्रमाणात दिसत होती. ज्यांचे एकमेकांशी काहीच नाते नाही अशी सगळी मंडळी एकाच पत्त्यावर राहतात म्हटल्यावर संशय पत्त्यावरच यायला हवा. तेव्हा त्यांनी जेलीफिशचे हिरवे प्रथिन पेशीच्या केंद्रकात पाठवले, त्याच्यावर अँटिबॉडी लावली, आणि तेही त्याच पत्त्यावर सापडले.

जोरात चालणाऱ्या जनुकांवर डीएनए उघडा असतो, वर प्रथिनांची आणि आरएनएची दाटी असते. फॉर्मॅल्डिहाइडने ही सगळी दाटी एकत्र बांधली जाते आणि अँटिबॉडी-मण्यांच्या टप्प्यात तो गुंता चिकटून वर येतो. कुठलेही प्रथिन शोधा, तो येतोच.

आता प्रश्न असा की दोन्ही पहारेकऱ्यांना हे का दिसले नाही? इनपुट अँटिबॉडी आणि मण्यांच्या टप्प्यातून जातच नाही. म्हणून डीएनए कुठे सहज तुटतो, प्रती कुठे जास्त आहेत, हे ते सांगते. गुंता मण्यांना चिकटतो हे त्याला माहीतच नसते. आणि पुनरावृत्ती? ती तर खोट्या शिखरांच्या बाजूने साक्ष देते. जनुक दोन्ही वेळा तेवढेच जोरात चालू असते, गुंता दोन्ही वेळा तेवढाच चिकटतो, शिखर दोन्ही याद्यांत वर येते, आणि आयडीआर त्याला उत्तम गुण देऊन मोकळा होतो.

रुग्णालयात काम करणाऱ्यांना यात नवे काही वाटू नये. ताप उतरत नसला की रक्ताचे कल्चर दोन वेगळ्या जागांहून घेतात. एका बाटलीत त्वचेवरचा जंतू वाढला आणि दुसरीत नाही, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला, असे समजतात. पण घाईत कोणी दोन्ही बाटल्या हाताला लावलेल्या एकाच जुन्या सलाइनच्या नळीतून भरल्या, तर नळीतला जंतू दोन्हींत वाढेल. दोन अहवाल जुळतील, तंतोतंत जुळतील, आणि रुग्णाला नको असलेले अँटिबायोटिक सुरू होईल. दोन मोजमापे जुळली की योगायोग बाद होतो. दोन्हींत सारखाच शिरलेला दोष बाद होत नाही.

यीस्टचे काय एवढे, असे म्हणून हा विषय टाळताही येत नाही. 2015 साली जर्मनीतल्या एका गटाने फळमाशीच्या भ्रूणांवर असेच काम प्रसिद्ध केले. एसीएफ-वन आणि आरएसएफ-वन ही दोन प्रथिने कुठे बसतात हे त्यांनी वेगवेगळ्या अनेक अँटिबॉडी वापरून पाहिले. नकाशे सुरेख आले: दोन्ही प्रथिने चालू जनुकांच्या सुरुवातीला बसलेली. शेवटी त्यांनी अशी भ्रूणे घेतली ज्यांत ही प्रथिने तयारच होत नाहीत. नकाशा बदलला नाही. प्रथिन नसताना त्याची शिखरे जशीच्या तशी! अशा सुमारे तीन हजार जागांना त्यांनी ‘भुताटकीची शिखरे’ या अर्थाचे नाव दिले. ही शिखरे इनपुटमध्ये ठळक नव्हती. एवढेच नव्हे, तर अँटिबॉडी तयार होण्यापूर्वीचे प्राण्याचे रक्तद्रव वापरून केलेल्या खोट्या चिपमध्येही ती आली नाहीत. म्हणजे इनपुटपलीकडचा जो नेहमीचा उपाय, तोही अपुरा पडला.

मग करायचे काय? उत्तर त्या माशांनीच दिले आहे. जे प्रथिन शोधायचे ते नसलेल्या पेशी घ्या, त्यांच्यावर तीच अँटिबॉडी लावा, आणि जे शिखर तरीही उरेल ते यादीतून काढा. आज जनुक काढून टाकणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. जे प्रथिन नसेल तर पेशीच मरते, त्यालाही औषधाने थोड्या वेळापुरते नष्ट करण्याच्या युक्त्या आहेत. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरबद्दल मोठा दावा करणाऱ्याकडे ही तपासणी मागितली पाहिजे, आणि ती इनपुटसारखीच सवयीची झाली पाहिजे. निबंध तपासणाऱ्यांनी ‘पुनरावृत्ती जुळतात’ या वाक्यावर समाधान मानणे सोडले, तर संशोधकही आपोआप ती करतील.

एक स्वस्तातली तपासणीही आहे. बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर डीएनएवर कुठेही बसत नाहीत. प्रत्येकाचा आवडता अक्षरक्रम असतो, साधारण सहा ते बारा अक्षरांचा. खऱ्या शिखरांच्या मध्यभागी तो क्रम अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळा सापडतो. खोट्या शिखरांत तो नसतो. तिथे नुसतीच चालू जनुकांची गर्दी असते. एखाद्या यादीतली सर्वांत उंच शिखरे घरातली नेहमीची कामे करणाऱ्या जनुकांवर असतील, आणि त्यांत फॅक्टरचा स्वतःचा क्रम दिसत नसेल, तर यादी संशयास्पद समजावी. अर्थात याला मर्यादा आहे. काही फॅक्टर स्वतः डीएनएला न धरता दुसऱ्या प्रथिनाच्या खांद्यावर बसतात; त्यांची खरी शिखरेही क्रमाशिवाय असतात. म्हणून या तपासणीने शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे. काहींचे म्हणणे असे की एवढे पहारे बसवले तर खरी पण दुबळी शिखरे मारली जातील. जिथे फॅक्टर क्षणभर बसतो आणि उठतो अशा जागा आयडीआरच्या कात्रीत सापडतील. हे खरे आहे. आयडीआर दोन नमुन्यांपैकी दुबळ्याच्या बळावर चालतो, त्यामुळे काही खऱ्या जागा हातच्या जातात. पण हातची गेलेली जागा पुढचा कोणी शोधू शकतो. एकदा यादीत शिरलेली खोटी जागा मात्र माहितीच्या भांडारात जाते, तिथून दुसऱ्याच्या विश्लेषणात, तिथून तिसऱ्याच्या औषध-शोधात, आणि प्रत्येक पायरीवर तिचा मूळ संशय पुसट होत जातो.

सर्वांत अवघड जागा रुग्णाच्या गाठीची. केंब्रिजमधल्या संशोधकांनी 2012 साली स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्यक्ष गाठींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरचे नकाशे काढले. आजार बळावलेल्या आणि बरे चाललेल्या रुग्णांत ते वेगळे दिसतात, हे त्यांनी दाखवले. दिशा मोलाची आहे. पण शस्त्रक्रियेत निघालेला गाठीचा तुकडा एकच असतो. पेशी पुन्हा वाढवून प्रयोग पहिल्यापासून करता येत नाही, रुग्णाच्या गाठीतून जनुक काढून टाकता येत नाही, आणि तुकडा लहान असला तर चिप करून इनपुटला पुरेसे उरेलच असे नाही. दुसऱ्या रुग्णाची गाठ ही पहिलीची पुनरावृत्ती नव्हे. तिचा फरक प्रयोगातला की आजारातला, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. म्हणून गाठींवरच्या नकाशांत एकेका रुग्णाच्या एकेका शिखराला फार अर्थ चिकटवू नये. अनेक रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणारी, फॅक्टरचा स्वतःचा अक्षरक्रम बाळगणारी, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत फॅक्टर काढल्यावर नाहीशी होणारी शिखरेच पुढच्या चाचणीसाठी घ्यावीत. अशी शिखरे संख्येने कमी भरतील. चाळीस हजारांच्या यादीऐवजी चार हजारांची यादी छापायला संशोधकाला जड जाईल, पण ज्या बाईच्या गोळ्या त्या यादीवरून ठरायच्या आहेत, तिला यादीच्या लांबीशी काही करायचे नसते.